अनहायड्राइड संपलं, परक्लोरिकऐवजी एचसीएल चालेल का? एका क्यूसी लॅबमधलं प्रकरण

(प्रकरण खरं आहे. माणसांची नावं बदलली आहेत, कारखान्याचं नाव दिलेलं नाही.)

## पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्याची गुणवत्ता तपासणीची लॅब माझ्याकडे होती. मे महिना होता. मेट्रोनिडॅझोलच्या तीन बॅच तयार होऊन गोदामात पडल्या होत्या आणि त्यांचा ॲसे, म्हणजे शुद्धतेची टक्केवारी, काढायचा बाकी होता. मर्यादा 99.0 ते 101.0 टक्के.

ॲसेची पद्धत नेहमीचीच. 150 मिलिग्रॅमच्या आसपास नमुना 50 मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवायचा, आणि त्याच आम्लात बनवलेल्या 0.1 मोलर परक्लोरिक ॲसिडने टायट्रेट करायचं, म्हणजे ते ब्युरेटमधून थोडं थोडं सोडत नेमकं किती लागतं ते मोजायचं. शेवट रंगावर ओळखायचा नाही. इलेक्ट्रोड बुडवून मिलिव्होल्ट वाचायचे आणि उडी कुठे येते ते पाहायचं. मेट्रोनिडॅझोलचा रेणुभार 171.15, त्यामुळे शुद्ध नमुन्याला साधारण पावणेनऊ मिलिलिटर लागतात.

परक्लोरिक ॲसिड बाजारात 70 टक्क्यांचं मिळतं. उरलेलं बहुतेक पाणी असतं आणि ते या कामात नको असतं. म्हणून आम्ही साडेआठ मिलिलिटर परक्लोरिक आधी 900 मिलिलिटर ॲसेटिक ॲसिडमध्ये मिसळायचो, मग त्यात 30 मिलिलिटर ॲसेटिक अनहायड्राइड सावकाश सोडायचो, लिटर पूर्ण करायचो आणि रात्रभर ठेवायचो. अनहायड्राइड पाण्याशी संयोग पावून त्याचं ॲसेटिक ॲसिडच करून टाकतं. हा क्रम उलटा करायचा नसतो. संहत परक्लोरिक आणि अनहायड्राइड थेट एकत्र आले की काय होतं ते 1947 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका इलेक्ट्रोप्लेटिंग कारखान्यात दिसलं होतं. 17 माणसं गेली. नव्या मुलांना मी बाटलीला हात लावू देण्याआधी हे सांगते.

## अडचण

त्या आठवड्यात अनहायड्राइड संपलं. हेरॉइन बनवायला ते लागतं, त्यामुळे आपल्याकडे ते नियंत्रित पदार्थांत मोडतं. खरेदीला नोंदणी आणि कागदपत्रं लागतात, आणि आमचे कागद कुठेतरी अडकले होते. तयार टायट्रंटच्या, म्हणजे ब्युरेटमधून सोडायच्या परक्लोरिक द्रावणाच्या, बाटलीत तळाला दोन बोटं द्रव होता, फार तर 40 मिलिलिटर. तीन बॅचचे दुहेरी नमुने, नमुन्याविना केलेलं ब्लँक आणि द्रावणाची नेमकी ताकद ठरवणारं प्रमाणीकरण धरलं तर त्याच्या दुपटीहून जास्त हवा होता.

सकाळी प्रसाद आला. नुकताच एम.एस्सी. होऊन रुजू झालेला, हुशार आणि जरा घाईचा.

"मॅडम, रॅकवर 0.1 नॉर्मल एचसीएल आहे. तेही स्ट्राँग ॲसिड, हेही स्ट्राँग ॲसिड. दोघांची ताकद सारखी. एचसीएल ॲसेटिक ॲसिडमध्ये बनवून वापरू या ना."

मी काही म्हणायच्या आत त्यालाच दुसरी कल्पना सुचली. "नाहीतर परक्लोरिकच पाण्यात बनवू. त्याचा पीकेए उणे दहाच्या आसपास आहे, एचसीएलचा उणे सात, आणि पीकेए जितका कमी तितकं आम्ल जोरदार. इतकं जोरदार आम्ल आहे तर पाण्यातसुद्धा मेट्रोनिडॅझोलला प्रोटॉन देईलच की. मग अनहायड्राइड कशाला हवं?"

आमचे कदमकाका या लॅबमध्ये वीस वर्षं टायट्रेशन करत होते. ते ब्युरेट धूत म्हणाले, "अरे, आत्ता म्हणालास दोघं सारखे, लगेच म्हणतोस एक जोरात. ठरव एकदा."

काकांनी गमतीत म्हटलं, पण बोट नेमकं दुखऱ्या जागेवर ठेवलं. प्रसादचं दोन्ही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. सगळी तीव्र आम्लं सारखीच असतात, हे पाण्यात खरं आहे. परक्लोरिक हे एचसीएलपेक्षा कितीतरी जोरदार आहे, हे पाण्याबाहेर खरं आहे. त्याने पहिलं सत्य ॲसेटिक ॲसिडमध्ये वापरायला घेतलं होतं आणि दुसरं पाण्यात. म्हणजे दोन्ही नेमकी तिथेच, जिथे ती चालत नाहीत.

## समोर असलेले पर्याय

माझ्यापुढे चार वाटा होत्या. एचसीएल ॲसेटिक ॲसिडमध्ये. परक्लोरिक पाण्यात. अनहायड्राइड न घालताच परक्लोरिक ॲसेटिक ॲसिडमध्ये. आणि मुंबईच्या डीलरकडून तयार टायट्रंट मागवणं, ज्याला दोन-तीन दिवस आणि आमच्या बनवणावळीच्या कितीतरी पट पैसे लागणार होते.

बॅच सोडायचा प्रश्न असेल तर उत्तर सोपं होतं. मंजूर पद्धतीत लिहिलेला टायट्रंट बदलता येत नाही. बदलायचा तर पद्धतीची वैधता नव्याने सिद्ध करावी लागते, आणि ते दोन दिवसांचं काम नाही. त्यामुळे तयार बाटली मागवायची हे मी त्याच सकाळी ठरवलं आणि खरेदी विभागाला फोन केला.

पण मधले दोन दिवस हातात होते. प्रसादला नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं आणि मनात तेच धरून ठेवलं असतं. मी त्याला एका जुन्या, आधीच निकाल लागलेल्या बॅचचा शिल्लक नमुना काढून दिला आणि सांगितलं, तुझ्या दोन्ही कल्पना करून बघ. नोंदी वेगळ्या वहीत कर, वर 'अभ्यासासाठी' असं लिही. बॅचच्या कागदांना त्याचा स्पर्श नको.

## पहिला प्रयोग: पाण्यात

प्रसादने 150 मिलिग्रॅम मेट्रोनिडॅझोल 50 मिलिलिटर पाण्यात विरघळवलं. इतकं सहज विरघळतं. पीएच मीटर लावला आणि आधी 0.1 मोलर एचसीएल सोडायला सुरुवात केली.

सुरुवातीला पीएच 7.4 होता. निम्मं आम्ल गेल्यावर 2.8 वर आला. जिथे उडी यायला हवी त्या 8.76 मिलिलिटरला 2.3 होता, आणि त्याच्या दीडपट आम्ल ओतल्यावर 2.0. आलेख सुरुवातीला कड्यावरून पडावा तसा पडला आणि नंतर सपाट होत गेला. शेवट कुठे झाला हे त्या रेषेवर कुणालाही बोट ठेवून दाखवता आलं नसतं.

मग त्याने परक्लोरिकचं 0.1 मोलर जलीय द्रावण घेतलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण इथे काहीतरी वेगळं दिसणार याची त्याला खात्री होती. 7.4, 2.8, 2.3, 2.0. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तर एकच रेष दिसत होती.

मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या:

HCl + H₂O → H₃O⁺ + Cl⁻

HClO₄ + H₂O → H₃O⁺ + ClO₄⁻

"आता सांग, ब्युरेटमध्ये कोणतं आम्ल आहे?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "दोन्हीकडे H₃O⁺ च आहे."

हाच पाण्याचा लेव्हलिंग इफेक्ट, म्हणजे समतलन. पाणी स्वतः आम्लारीसारखं वागू शकतं, प्रोटॉन उचलू शकतं. जे आम्ल H₃O⁺ पेक्षा प्रोटॉन द्यायला जास्त उत्सुक आहे ते पाण्यात पडल्याबरोबर आपला प्रोटॉन पाण्याच्या हवाली करतं. थोडं जास्त उत्सुक असो की लाखपट, विरल द्रावणात दोघांचीही देवाणघेवाण जवळपास शंभर टक्के पूर्ण होते. मागे उरतो H₃O⁺, आणि पाण्यात जास्तीत जास्त तेवढंच जोरदार आम्ल टिकू शकतं. सब घोडे बारा टक्के. 0.1 मोलरचं एचसीएल, एचबीआर किंवा परक्लोरिक घ्या, पीएच 1.1 च्या आसपासच येतो, कारण मीटर फक्त H₃O⁺ बघतो आणि तो तिन्हींत सारखाच भरलेला असतो.

प्रसादने बी.एस्सी.ला उदासिनीकरणाच्या उष्णतेचा प्रयोग केला होता. एचसीएल असो की नायट्रिक, सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर दर मोलला सुमारे 57 किलोज्यूलच. "तेव्हा सरांनी सांगितलं होतं की दोन्ही पूर्ण आयनीभूत होतात म्हणून," तो म्हणाला. बरोबरच सांगितलं होतं. त्यातून पुढचा एक प्रश्न निघतो, तो वर्गात कुणी विचारत नाही: पूर्ण आयनीभूत होतात त्याचं श्रेय आम्लाचं किती आणि पाण्याचं किती? उणे सात, उणे दहा हे पीकेए पाण्यात पीएच मीटर बुडवून कुणी मोजलेले नाहीत. ते आडवळणाने काढलेले अंदाज आहेत. पाण्यात मोजायला गेलात तर फरक दिसतच नाही.

एक मर्यादा सांगायला हवी. हे सगळं विरल द्रावणाबद्दल आहे. नायट्रिक ॲसिड H₃O⁺ च्या जवळपासच्या ताकदीचं आहे. 0.1 मोलरला ते बाकीच्यांच्या पंगतीत बसतं, पण बाटलीतल्या संहत नायट्रिकमध्ये बरेच HNO₃ रेणू तसेच्या तसे असतात. प्रत्येकाचा प्रोटॉन घ्यायला तिथे पुरेसं पाणीच नसतं.

### आलेख तरी का तुटला?

प्रसादच्या डोक्यात अजून एक गाठ होती. H₃O⁺ काही कमी जोरदार नाही. मग तो मेट्रोनिडॅझोलला प्रोटॉन का देत नाही?

देतो, पण पुरता नाही. प्रोटॉन घेतलेल्या मेट्रोनिडॅझोलचा पीकेए अडीचच्या आसपास आहे. म्हणजे तो रेणू प्रोटॉन घेतो खरा, पण सैल हाताने धरतो, आणि भोवती पाण्याचे असंख्य रेणू हात पसरून उभे असतात. 8.76 मिलिलिटरला हिशेब केला तर टाकलेल्या आम्लातला सुमारे एक तृतीयांश पाण्याकडेच मोकळा राहिलेला निघतो. अशा स्थितीत उडी येणार कुठून? पाण्याने इथे दोन्हीकडून घात केला होता. जोरदार आम्लाला खाली ओढून H₃O⁺ च्या पातळीवर आणलं, आणि दुबळ्या आम्लारीच्या तोंडचा घासही पळवला. ब्युरेटमध्ये कितीही जोरदार आम्ल भरलं तरी यात काही सुधारणार नव्हती. सुधारायचं तर पाणी काढायला हवं होतं.

## मधलं वळण: तिसऱ्या खेपेला फरक दिसला

इथे एक गोष्ट घडली, ती मला या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी वाटते.

प्रसादने परक्लोरिकचा प्रयोग आणखी दोनदा केला. तिसऱ्या आलेखात प्रत्येक ठिकाणी पीएच साधारण 0.1 ने खाली होता. तो धावत आला. "मॅडम, परक्लोरिक जोरदार दिसतंय! थोडं, पण दिसतंय."

निर्णय घ्यायची जागा ही होती. आकडा त्याच्या अपेक्षेच्या दिशेने सरकला होता आणि अशा वेळी माणूस तपासायचं विसरतो. मी म्हटलं, आधी बफर बघ. ज्याचा पीएच आधीच ठाऊक असतो तो 4.01 चा बफर मीटरवर 3.92 दाखवत होता. म्हणजे आम्ल नव्हे, इलेक्ट्रोड सरकला होता.

कदमकाकांनी इलेक्ट्रोड उजेडात धरला. टोकाच्या सच्छिद्र चकतीवर बारीक पांढरे कण बसले होते. या साध्या इलेक्ट्रोडच्या आत पोटॅशियम क्लोराइडचं घट्ट द्रावण असतं आणि ते चकतीतून किंचित झिरपत राहतं. बाहेर परक्लोरेट. पोटॅशियम परक्लोरेट थंड पाण्यात फार कमी विरघळतं, म्हणून नेमकं त्या छिद्रांत जमतं आणि वाट बुजते. कोमट पाण्यात टोक बुडवून ठेवल्यावर कण विरघळले, आतलं द्रावण बदललं आणि बफर पुन्हा 4.01 वर आला. चौथा आलेख पहिल्यावर जाऊन बसला.

समतलन होतं ते प्रोटॉनच्या बाजूचं. क्लोराइड आणि परक्लोरेट मात्र वेगळेच राहतात. पाण्यात ही दोन आम्लं 'एकच' असतात असं म्हणताना हे ध्यानात ठेवावं लागतं. चांदीच्या क्षारात एक साका देतं आणि दुसरं देत नाही, पोटॅशियमबरोबर उलटं.

## दुसरा प्रयोग: ॲसेटिक ॲसिडमध्ये एचसीएल

आता पहिली कल्पना. प्रसादने 8.6 मिलिलिटर संहत एचसीएल ॲसेटिक ॲसिडमध्ये टाकून लिटर केलं आणि त्याच पद्धतीने, फक्त अजलीय कामाच्या इलेक्ट्रोडने (त्याच्या आत लिथियम क्लोराइड असतं, त्यामुळे वरची भानगड होत नाही), टायट्रेशन केलं.

तुलनेसाठी आधी शिल्लक 40 मिलिलिटरमधलं नऊ मिलिलिटर खऱ्या टायट्रंटचं टायट्रेशन करून ठेवलं होतं. त्यात 8.5 ते 9.0 मिलिलिटरच्या दरम्यान सुमारे 120 मिलिव्होल्टची उडी होती. एचसीएलने त्याच पट्ट्यात जेमतेम 25 मिलिव्होल्ट चढ दिला, आणि तोही आधीच्या-नंतरच्या चढाहून फारसा वेगळा नाही. मशीनला शेवट शोधायला सांगितलं तर तीन वेळा तीन उत्तरं आली: 97.1, 98.9 आणि 100.6 टक्के. तिसरं उत्तर एकटंच आलं असतं तर मर्यादेत बसलं असतं. एकच टायट्रेशन करून मोकळं होणाऱ्या लॅबमध्ये असा आकडा खपून जातो.

प्रसादने लगेच कारण दिलं, "एचसीएलबरोबर पाणी आलं ना." संहत एचसीएलमध्ये दोन तृतीयांश पाणीच असतं, शंका रास्त होती. आधी हिशेब केला. त्याच्या टायट्रंटमध्ये लिटरला साडेसहा ग्रॅमच्या आसपास पाणी होतं. एका टायट्रेशनला नऊ मिलिलिटर, म्हणजे पेल्यात जेमतेम एक-सव्वा थेंब. मग उरलेल्या परक्लोरिकमधून अजून नऊ मिलिलिटर खर्चून मी त्याला उलट तपासणी करायला लावली. नमुन्यात मुद्दाम दोन थेंब पाणी टाक आणि परक्लोरिकने टायट्रेट कर. उडी 120 वरून 90 पर्यंत घटली, पण होती, आणि जागेवर होती. म्हणजे पाण्याने थोडं बिघडवलं, पण मुख्य दोषी पाणी नव्हतं. एचसीएल स्वतःच होतं.

ॲसेटिक ॲसिड प्रोटॉन घ्यायला पाण्यापेक्षा फार नाखूष असतं. ते स्वतःच आम्ल आहे, दुसऱ्याचा प्रोटॉन कशाला घेईल? इथे आम्लाला जोर लावावा लागतो आणि कोण किती जोर लावतं ते उघडं पडतं. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये मोजलेले पीकेए असे आहेत: परक्लोरिक 4.9, सल्फ्युरिक 7.2, एचसीएल 8.6. आपण पाण्यात ज्यांना 'पूर्ण' आयनीभूत म्हणतो ती सगळी इथे दुबळी आम्लं ठरतात, आणि परक्लोरिक व एचसीएल यांच्या स्थिरांकांत सुमारे पाच हजारपटीचं अंतर पडतं. हार्वर्डमध्ये हॉल आणि कोनंट यांनी 1927 साली ॲसेटिक ॲसिडमधल्या अशाच द्रावणांचा अभ्यास केला होता आणि पाण्यात कधी न दिसणारी ही ताकद पाहून त्यांना 'सुपरॲसिड' म्हटलं होतं.

प्रसादने दुसऱ्या दिवशी आणखी एक प्रश्न आणला. ॲसेटिक ॲसिडही कुणाला समतल करतं का? करतं, पण आम्लारींना. अमोनिया पाण्यात ॲनिलिनच्या चाळीस-पन्नास हजारपट जोरदार आम्लारी आहे, पण ॲसेटिक ॲसिडमध्ये दोघंही प्रोटॉन घेऊन बसतात आणि परक्लोरिकने टायट्रेट करताना दोन्हींची उडी ठळक येते. काकांना हे अनुभवाने माहीत होतं. "अमाइन कोणतंही आणा, यात सगळी गुणी बाळं," असं ते म्हणायचे. मेट्रोनिडॅझोल त्यांच्यापेक्षा बरंच दुबळं, ते पुरतं समतल होत नाही, पण पाण्यासारखा प्रतिस्पर्धी नसल्यामुळे परक्लोरिकचा प्रोटॉन नीट पकडतं. एचसीएलचा पकडायला जातं तेव्हा क्लोराइड तो सोडायला तयार नसतं.

## निष्पत्ती

तिसऱ्या दिवशी दुपारी तयार टायट्रंट आला. बाटलीवर 0.1000 मोलर, 20 अंश सेल्सिअसला, असं छापलेलं. प्रसादने पहिल्या बॅचचा 150.2 मिलिग्रॅम नमुना घेतला, 8.82 मिलिलिटर लागले, उडी सुरेख. बाटलीवरचा आकडा धरून उत्तर आलं 100.5 टक्के.

मर्यादेत होतं, पण मला ते पटलं नाही. ही प्रक्रिया इतकी वर्षं 99.3 ते 99.8 देत आली होती. लॅबमधला एसी त्या आठवड्यात कुरकुरत होता आणि तापमापक 29 अंश दाखवत होता. ॲसेटिक ॲसिड तापलं की पाण्याच्या मानाने खूप फुगतं, दर अंशाला सुमारे 0.11 टक्के. नऊ अंशांत जवळजवळ एक टक्का. म्हणजे बाटलीतलं द्रावण आता 0.0990 च्या आसपास असणार. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट घेऊन त्याच खोलीत, त्याच तापमानाला प्रमाणीकरण केलं. 0.0990 च निघालं. त्या आकड्याने उत्तर 99.5 टक्के झालं. बाकीच्या दोन बॅचही त्याच पट्ट्यात आल्या आणि संध्याकाळी माल सुटला.

## वेगळं काय करता आलं असतं

अनहायड्राइड संपतंय हे दोन आठवडे आधी कळायला हवं होतं. नियंत्रित पदार्थाची खरेदी किराण्यासारखी होत नाही हे मला माहीत होतं, तरी साठ्याची खालची रेघ मी बाकी रसायनांसारखीच ठेवली होती. आता तयार टायट्रंटची एक बाटली कायम कपाटात असते.

तिसरा पर्याय, अनहायड्राइडशिवाय परक्लोरिक ॲसेटिक ॲसिडमध्ये, मी तेव्हा नीट विचारातच घेतला नाही. दोन थेंबांच्या तपासणीनंतर तो तितका वेडगळ वाटला नाही. त्यात लिटरला चार ग्रॅमच्या आसपास पाणी राहिलं असतं, एका टायट्रेशनला थेंबभरही नाही. मेट्रोनिडॅझोलसाठी उडी थोडी खुजी, पण पुरेशी आली असती. याहून दुबळ्या आम्लारीला, कॅफिनसारख्या, मी तो धोका पत्करला नसता. पण अधिकृत पद्धतीत त्याला जागा नव्हती, आणि ती जागा करून ठेवण्याचं काम टंचाईच्या दिवशी होत नाही. पुढच्या वर्षी पद्धतीचा फेरआढावा घेताना आम्ही पाण्याच्या प्रमाणाचा परिणाम मोजून कागदावर आणला.

इलेक्ट्रोडची चूक माझी. परक्लोरेटच्या द्रावणात पोटॅशियम क्लोराइडचा इलेक्ट्रोड बुडवायचा नाही हे मला ठाऊक होतं. पण 'पाण्यातलं साधं टायट्रेशन आहे' म्हणून मीच त्याच्या हातात तो दिला. सोडियम क्लोराइड भरलेला इलेक्ट्रोड शेजारच्या खणात पडलेला होता.

आणि प्रसादचा एचसीएलचा लिटरभर टायट्रंट. त्यावर त्याने 'एचसीएल, 0.1' एवढंच लिहून ठेवलं होतं, द्रावक लिहिला नव्हता. दोन दिवसांनी दुसऱ्या शिफ्टच्या मुलीने पाण्यातलं समजून ती बाटली घेतली आणि वास आल्यावर ठेवून दिली. आता आमच्याकडे प्रत्येक टायट्रंटच्या लेबलवर आम्लाच्या नावाखाली द्रावकाचं नाव तेवढ्याच मोठ्या अक्षरात असतं. ही सूचना प्रसादचीच.